फिरत्या बादलीतल्या पाण्याचा आकार: सूत्रामागची पार्श्वभूमी

पाण्याची बादली उभ्या अक्षाभोवती एकसारख्या वेगाने फिरवली की पाणी मध्ये खचते आणि कडेला चढते. पाठ्यपुस्तकात याचे सूत्र एका ओळीत येते: z = ω²r²/2g. येथे ω म्हणजे सेकंदाला किती रेडियन असा मोजलेला कोनीय वेग, r म्हणजे अक्षापासूनचे अंतर, g म्हणजे गुरुत्वीय त्वरण आणि z म्हणजे मधल्या सर्वांत खोल बिंदूपासून पाण्याची उंची. या प्रयोगाला 'न्यूटनची बादली' म्हणतात. पण न्यूटनने जिथे या बादलीचे वर्णन केले, तिथे हे सूत्र नाही, कारण त्याला काढायचे होते ते काही वेगळेच.

1687 सालच्या 'प्रिन्सिपिया'त सुरुवातीच्या व्याख्यांनंतर एक टिपण आहे. लांब दोरीला बादली टांगायची, दोरीला भरपूर पीळ द्यायचा, बादलीत पाणी भरून ते स्थिर होऊ द्यायचे आणि मग बादली सोडायची. पीळ उलगडू लागतो, बादली गरगरते, पण सुरुवातीला पाणी सपाटच राहते. हळूहळू पाणीही फिरू लागते आणि कडेला चढते. शेवटी दोघांचा वेग सारखा होतो, तेव्हा चढ सर्वाधिक असतो. हे आपण स्वतः पाहिल्याचे न्यूटन लिहितो. त्याचा रोख फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या मतावर होता: वस्तूची गती म्हणजे तिला लागून असलेल्या वस्तूंच्या सापेक्ष गती, असे देकार्तचे म्हणणे. तसे असते, तर बादली आणि पाणी यांच्या वेगांतला फरक सर्वांत मोठा असतो त्या क्षणी पाणी वक्र व्हायला हवे होते. घडते नेमके उलटे. न्यूटनला एवढेच दाखवायचे होते. पाणी किती सेंटिमीटर चढते, याच्याशी त्याला इथे कर्तव्य नव्हते.

सूत्राला लागणारी सामग्री मात्र तोवर डच शास्त्रज्ञ हायगेन्सकडे जमलेली होती. वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूला बाहेर ओढणारे बल त्याने 1659 मध्येच हिशेबात बसवले होते. त्यावरचे निष्कर्ष 1673 सालच्या त्याच्या घड्याळांवरील ग्रंथात आले. त्याच ग्रंथात लंबकाचा गोळा गोल गोल फिरत राहणारे एक घड्याळ आहे. गोळ्याचा मार्ग अन्वस्ताच्या (पॅराबोलाच्या) वाटीसारख्या पृष्ठावर राहील अशी त्याची रचना होती, कारण त्या पृष्ठावर गोळा कितीही उंचीवर फिरला तरी फेरीला तेवढाच वेळ लागतो. बादलीचे उत्तर यातच दडलेले आहे. फिरत्या पाण्याचा प्रत्येक थेंब, मधला असो की कडेचा, एक फेरी सारख्याच वेळात पुरी करतो.

दुसरा धागा पृथ्वीच्या आकाराच्या वादातून आला. स्थिर द्रवाचा पृष्ठभाग ओळंब्याला सर्वत्र काटकोनात असतो, हे तत्त्व हायगेन्सने 1690 मध्ये पृथ्वीच्या चपटेपणासाठी वापरले. तेच बादलीला लावू. पाण्याबरोबर फिरणाऱ्याच्या दृष्टीने r अंतरावरच्या थेंबावर दोन बले आहेत: खाली mg आणि बाहेरच्या दिशेने mω²r. ओळंबा या दोहोंच्या बेरजेच्या दिशेने कलतो, म्हणून पृष्ठभागाचा चढ ω²r/g इतका येतो. चढ अंतराच्या प्रमाणात वाढत जाणारा वक्र म्हणजे अन्वस्त. चढांची केंद्रापासून बेरीज, म्हणजे समाकलन, केले की z = ω²r²/2g मिळते. थेंबाचे वस्तुमान m दोन्ही बलांत असल्याने निघून जाते. म्हणून पाणी, तेल किंवा पारा, एकाच वेगाला आकार एकच.

आता आकडे घालू. सरळ भिंतीची बादली घ्या: त्रिज्या 12 सेंमी, उंची 30 सेंमी, पाणी 20 सेंमी. मिनिटाला 60 फेऱ्या म्हणजे ω = 6.28. केंद्र आणि कड यांतला फरक 39.5 × 0.0144 ÷ 19.62, म्हणजे सुमारे 2.9 सेंमी. अन्वस्ताच्या वाटीचे घनफळ तिला वेढणाऱ्या दंडगोलाच्या बरोबर निम्मे असते, म्हणून कडेला पाणी 1.45 सेंमी चढते आणि मध्ये तितकेच उतरते. वेग दुप्पट केला की फरक चौपट, 11.6 सेंमी. काठावरून पाणी सांडायला कड 10 सेंमी चढावी लागते, म्हणजे फरक 20 सेंमी हवा. ते मिनिटाला सुमारे 158 फेऱ्यांना घडते. उतरत्या भिंतीच्या नेहमीच्या बादलीत वक्र तोच राहतो, पण हा निम्म्याचा हिशेब चालत नाही.

प्रत्यक्ष मोजमाप चुकते ते बहुधा घाईमुळे. न्यूटनने लिहिलेले 'हळूहळू' म्हणजे किती? केवळ चिकटपणाने (व्हिस्कॉसिटीने) भिंतीपासून केंद्रापर्यंत फिरकी पोचायची, तर R²/ν या अंदाजाने आपल्या बादलीला चार तास लागतील; R ही बादलीची त्रिज्या आणि ν हा पाण्याचा चिकटपणा. खरे तर काही मिनिटे पुरतात, कारण तळाशी चिकटलेला पाण्याचा पातळ थर बाहेर फेकला जातो आणि त्यातून सगळे पाणी तळाकडून घुसळले जाते. असा थर एकमनने 1905 मध्ये समुद्राच्या प्रवाहांसाठी मांडला. पात्रातल्या द्रवाला वेग धरायला लागणारा काळ ग्रीनस्पॅन आणि हॉवर्ड यांनी 1963 मध्ये स्पष्ट केला. पाण्याची खोली H धरली तर आपल्या बादलीसाठी तो अंदाजे H/√(νω), म्हणजे 80 सेकंद. तेवढ्यात वेगातली उणीव साधारण एक-तृतीयांशावर येते, म्हणून पाचेक मिनिटे थांबणे योग्य. खूण सोपी आहे: केंद्राजवळ एक आणि कडेजवळ एक कागदाचा कपटा सोडा. दोन्ही बादलीवरच्या खुणेसमोरून सरकेनासे झाले की मोजा. स्थिर बादलीत पळीने पाणी घुसळून मिळणारा खड्डा या सूत्रात बसत नाही. तिथे मधले पाणी कडेच्या पाण्यापेक्षा जास्त फेऱ्या मारते आणि खड्डा मध्ये अरुंद व खोल होतो. कडेची उंची वाचताना भिंतीला चिकटून वर ओढलेली काही मिलिमीटरची किनारही सोडून द्यावी.

सूत्रातला ω कशाच्या सापेक्ष मोजायचा, हा न्यूटनचा मूळ प्रश्न मात्र सूत्राने मिटला नाही. बादलीच्या सापेक्ष मोजला तर शेवटच्या अवस्थेत तो शून्य येतो आणि पाणी सपाट असायला हवे. न्यूटनचे उत्तर होते निरपेक्ष अवकाश. 1883 मध्ये ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ माखने त्यावर बोट ठेवले: बादलीची पातळ भिंत काही करत नाही एवढेच प्रयोगातून दिसते, भिंत कित्येक मैल जाड असती तर काय झाले असते, हे कोणीच सांगू शकत नाही. हिशेबापुरते म्हणाल, तर ω दूरच्या ताऱ्यांच्या सापेक्ष घ्यायचा. पृथ्वीची स्वतःची फिरकी सेकंदाला 0.000073 रेडियन आहे. बादलीत ती दिसत नाही.

अन्वस्ताचा आरसा समांतर किरण एका बिंदूत आणतो, म्हणून फिरता पारा म्हणजे आयता दुर्बिणीचा आरसा. कापोच्ची याने 1850 मध्ये ही कल्पना मांडली, 1909 मध्ये वुडने अशी दुर्बीण चालवली. सूत्रावरून नाभीय अंतर g/2ω² येते. उत्तराखंडातील देवस्थळ येथे 2022 पासून 4 मीटर व्यासाचा असा आरसा आहे. त्याचे नाभीय अंतर सुमारे 8 मीटर, म्हणून एक फेरी जवळजवळ 8 सेकंदांची. वेग एक टक्का चुकला तर नाभी 16 सेंमी सरकते, आणि अक्ष जरा कलला की पाऱ्यावर तरंग उठतात. पारा काही मिलिमीटरच जाड ठेवतात, कारण पातळ थरात ते तरंग लवकर विरतात.