ईसीटीच्या दिवशी नर्स काय बघते

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावातली साठीची बाई. आपण तिला सुमतीबाई म्हणू. अनेक रुग्णांच्या अनुभवांवरून हे उदाहरण बेतलं आहे. तीव्र नैराश्यामुळे तिने बोलणं जवळजवळ सोडलंय, जेवणही सोडलंय. सून पेज भरवते, पण घास गालात तसाच राहतो. औषधांचा गुण यायला काही आठवडे जातात आणि तेवढे दिवस तिचं शरीर तग धरेल असं दिसत नाही. बांबोळीच्या हॉस्पिटलात आणल्यावर डॉक्टर ईसीटी, म्हणजे मेंदूला वीज देऊन करायचा उपचार, सुचवतात. मुलाच्या कानावर एकच शब्द पडतो, ‘शॉक’, आणि त्याचा चेहरा उतरतो.

खरं तर नर्सचं काम इथूनच सुरू होतं. बहुतेकांच्या डोक्यात जुन्या सिनेमातलं दृश्य असतं: चार जण हातपाय धरताहेत आणि माणूस तडफडतोय. म्हणून आधी मुलाला आणि सुनेला बाजूला बसवून सांगायचं की आईला पूर्ण भूल देतात, तिला काही कळत नाही आणि दुखत नाही. स्नायू सैल करणारं इंजेक्शन देतात, त्यामुळे अंग जोरात झटके घेत नाही. वीज डोक्याला लावलेल्या दोन इलेक्ट्रोडमधून काही सेकंदच जाते. त्या विजेने मेंदूत एक छोटी फिट येते, आणि गुण त्या फिटचा असतो. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध यांशिवाय ईसीटी द्यायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे, हेही सांगावं. घरच्यांना त्याने मोठा धीर येतो.

मग मुलगा विचारतो, “सिस्टर, आईची आठवण जाईल का?” इथे गुळमुळीत उत्तर देऊ नये. उपचाराच्या दिवसांतल्या आणि त्याआधीच्या काही आठवड्यांतल्या, कधी महिन्यांतल्या गोष्टी पुसट होतात. बऱ्याचशा परत येतात, काही येत नाहीत. नव्या गोष्टी लक्षात राहायला होणारा त्रास बहुधा काही आठवड्यांत ओसरतो. हे आधी सांगितलं नाही, तर तिसऱ्या ईसीटीनंतर आईने नातवाच्या बारशाबद्दल पुन्हा विचारलं की घर हादरतं आणि उपचार अर्ध्यावर सुटतो.

संमतीच्या कागदावर सही करून घेणं डॉक्टरांचं काम, पण सही करणाऱ्याला खरंच कळलंय का, हे नर्सला चांगलं कळतं. “कळलं ना?” असं विचारलं की सगळेच मान डोलावतात. त्याऐवजी “उद्या सकाळी तुम्ही काय कराल, मला सांगा बघू,” असं म्हणावं. सून पटकन म्हणते, “काही खायला देणार नाही. फक्त कपभर चहा देईन.” त्या एका वाक्यात धोका सापडतो. दुधाचा चहा अन्नात धरतात. भुलीआधी त्यालाही घन आहाराइतकंच सहा तासांचं अंतर लागतं. स्वच्छ पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. भुलीत घशाची राखण सुटते, पोटातलं वर येऊन फुफ्फुसात गेलं तर जिवावर बेततं. चुकून चहा दिलाच, तर तो लपवू नये. ईसीटी पुढे ढकलता येते.

आदल्या संध्याकाळी दोन गोष्टी होतात. एक, वजन नव्याने घेतात. औषधांचं प्रमाण किलोवर ठरतं आणि न जेवणाऱ्या माणसाचं महिन्यापूर्वीचं वजन आता खरं नसतं. दुसरी, न्हाऊ घालतात. आपल्याकडे बायकांच्या केसांना खोबरेल असतंच. तेलकट त्वचेवर इलेक्ट्रोड नीट टेकत नाही, विजेला अडथळा वाढतो, फिट नीट येत नाही आणि त्वचा भाजण्याचाही धोका असतो.

सकाळी कवळी, हेअरपिना, दागिने काढायचे. मंगळसूत्राला सून कचरते, तेव्हा ते तिच्याच हातात द्यायचं, कपाटात ठेवायचं नाही. नखांचा रंग पुसायचा, कारण बोटाला लावलेलं ऑक्सिजन मोजणारं यंत्र त्याने चुकू शकतं. लघवीला नेऊन आणायचं. रात्री झोपेची गोळी दिली असेल तर ती कोणती आणि कधी, हे डॉक्टरांना सांगायचं. अशा काही गोळ्या फिट येऊ देत नाहीत. आणि सुमतीबाईंच्या बाबतीत आणखी एक: टॉर्च लावून दोन्ही गाल तपासायचे. रात्रीचा घास अजून तिथे असू शकतो.

आत गेल्यावर सगळं दहाएक मिनिटांत आटोपतं. भूल चढली की एका पायाच्या घोट्यावर रक्तदाबाचा कफ फुगवतात आणि मग स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलीन देतात. कफामुळे औषध त्या पावलात पोचत नाही, त्यामुळे फिट त्या पावलात दिसते. औषध लागू होताना अंगभर बारीक थरथर उठते, चेहऱ्यापासून खाली जाते. दुसऱ्या पावलातली थरथर थांबेपर्यंत बटण दाबत नाहीत. तोंडात रबरी गार्ड बसवणं चुकवायचं नसतं, कारण जबड्याचे स्नायू विजेने थेट आवळतात, औषध दिलेलं असलं तरी. जीभ-दात तिथेच सापडतात.

मग एक जण पावलाकडे डोळे लावून सेकंद मोजतो, मेंदूतल्या लहरी दाखवणाऱ्या ईईजीवरही बघतात. सुमतीबाईंचं पाऊल ३५ सेकंद हललं. साधारण २० ते ६० सेकंदांची फिट पुरेशी मानतात. फारच थोडी असेल तर डॉक्टर मात्रा बदलतात. दोन मिनिटं उलटूनही थांबत नसेल तर ती औषधाने थांबवावी लागते, म्हणून ते इंजेक्शन आधीच भरून ठेवलेलं असतं. नाडी सुरुवातीला मंदावते, मग धावते. मॉनिटरवरची नजर त्यासाठीच. स्वतःचा श्वास परत येईपर्यंत मास्कने ऑक्सिजन चालू राहतो.

त्यानंतरचा अर्धा-पाऊण तास माझ्या मते सगळ्यांत जपण्याचा. रुग्णाला कुशीवर वळवायचं, तोंडातली लाळ ओढून काढायची, पलंगाचे कठडे वर. दर पाच-दहा मिनिटांनी नाडी, रक्तदाब, श्वास, ऑक्सिजन. जाग आल्यावर माणूस गोंधळलेला असतो. सुमतीबाई उठून चालायला निघाल्या. अशा वेळी दाबून धरलं की धडपड वाढते. जवळ उभं राहून, पडू न देता, हलक्या आवाजात तेच तेच सांगायचं: “सुमतीबाई, तुम्ही बांबोळीच्या हॉस्पिटलात आहात. तुमचा उपचार झाला. मुलगा बाहेर बसलाय.” गिळता येतं याची खात्री होईपर्यंत पाणीही नाही. डोकं दुखलं, अंग दुखलं तर सांगितलेली गोळी. गोंधळ तासाभराने कमी होण्याऐवजी वाढला, किंवा ऑक्सिजन उतरला, तर थांबायचं नाही, डॉक्टरांना बोलवायचं.

मुलगा आत येतो आणि पहिलंच विचारतो, “आई, मी कोण सांग?” त्याला हळूच अडवावं. परीक्षा नको. “मी तुझा मोठा मुलगा, दुपारी पेज आणतो,” एवढं सांगितलं की पुरे.

ईसीटी बहुधा आठवड्यातून दोन-तीनदा देतात आणि एकूण सहा ते बारा लागतात. फरक सहसा तिसऱ्या-चौथ्यानंतर दिसू लागतो. चौथीनंतर सुमतीबाईंनी घास गिळला, मग पाण्याचा पेला स्वतः मागितला. घरी जाताना सुनेला सांगायचं ते असं: गोळ्या चालूच ठेवायच्या, कारण त्या थांबल्या तर आजार बऱ्याचदा उलटतो, ईसीटीनंतर निदान २४ तास गाडी चालवायची नाही, विस्मरण ओसरेपर्यंत बँकेच्या किंवा जमिनीच्या कागदांवर सह्या नाहीत, आणि एका वहीत रोज दोन ओळी लिहायच्या, कोण भेटायला आलं, काय झालं, म्हणजे आईने विचारलं की दाखवता येईल.