लॉग स्केल (रेषालेखातील)

लॉग स्केल म्हणजे आलेखाच्या उभ्या अक्षावरील अशी मांडणी, जिच्यात समान अंतर समान पट दाखवते. साध्या अक्षावर खुणा 0, 2000, 4000 अशा बेरजेने चढतात; लॉग अक्षावर त्या 100, 1000, 10,000 अशा दहापटीने चढतात. आडवा अक्ष, म्हणजे महिने किंवा दिवस, नेहमीसारखाच राहतो.

समजा, नागपुरात सीताबर्डी आणि धरमपेठेतल्या कार्यालयांना जेवणाचे डबे पोहोचवणारे एक अॅप सुरू झाले. जानेवारीत त्याचे 200 वापरकर्ते होते. पुढे दरमहा संख्या दुप्पट होत फेब्रुवारीत 400, मार्चमध्ये 800, एप्रिलमध्ये 1600, मे महिन्यात 3200 आणि जूनमध्ये 6400 झाली. जुलैत ती 9600 आणि ऑगस्टमध्ये 12,800 भरली. साध्या अक्षावर पहिले तीन महिने तळाशी चिकटलेले दिसतात, जणू काही घडलेच नाही. मे ते ऑगस्ट मात्र रेषा सरळ वर जाते, कारण दरमहा 3200 जणांची भर पडते आहे. ती पाहून चालक खूश होईल.

हेच आकडे लॉग अक्षावर मांडू. दहापटीला 5 सेंटिमीटर जागा दिली, तर दुप्पट होण्याला सुमारे 1.5 सेंटिमीटर लागते, मग ती 200 ची 400 असो की 3200 ची 6400. म्हणून जानेवारी ते जून एकच सरळ तिरकी रेषा मिळते. जुलैतली वाढ दीडपटच असल्याने चढ सुमारे 0.9 सेंटिमीटर होतो, ऑगस्टमध्ये तो 0.6 सेंटिमीटरवर येतो. रेषा जूनपाशी वाकते. वाढीचा वेग तिथेच मंदावला होता, साध्या आलेखाने तो झाकला. मंदावण्याचे कारण मात्र आलेख सांगत नाही. त्या भागातली गिऱ्हाइके संपत आली की डब्याची चव बिघडली, हे वेगळे शोधावे लागते.

वाचताना नवखे हमखास फसतात ते दोन खुणांच्या मधोमध. 1000 आणि 10,000 यांच्या बरोबर मध्यावरचा बिंदू 5500 नसून सुमारे 3160 असतो. लॉग अक्षावर शून्याला जागाच नाही, कारण दहाने कितीही वेळा भागले तरी शून्य येत नाही. अॅप सुरू होण्याआधीचे रिकामे महिने म्हणून गाळावे लागतात. लहान आकड्यांबाबतही जपावे. 2 वापरकर्त्यांचे 8 होणे आणि 2000 चे 8000 होणे इथे सारख्याच उंचीचे दिसते, आणि पहिल्या चढात बहुधा चालकाचे नातेवाईकच असतात.

किती डबे भरायचे, किती माणसे नेमायची, हे ठरवायला साधा अक्षच बरा. त्यावर प्रत्यक्ष संख्या नजरेत भरते. लॉग अक्ष वापरला असेल तर ते आलेखावर स्पष्ट लिहावे, नाहीतर वाचणारा सपाट होत चाललेली रेषा पाहून वापरकर्त्यांची भर थांबली असे समजतो, आणि ऑगस्टमध्ये तर आणखी 3200 जण आले होते.