झेरॉक्समध्ये नुक्ते उडतात: निजामकालीन उर्दू कागद वाचायला देण्यापूर्वी

आजोबा-पणजोबांच्या नावाचा उर्दू कागद वाचून घ्यायला येणारे बरेच जण मूळ कागद घरी ठेवून झेरॉक्स आणतात, नाहीतर मोबाइलवर काळापांढरा केलेला फोटो पाठवतात. अक्षर ठळक दिसतं, म्हणून तो चांगला वाटतो. पण त्यातून नुक्तेच, म्हणजे अक्षरांच्या वरखालचे ठिपकेच, गेलेले असतात. मग आम्ही मूळ कागद मागवतो आणि तुमची खेप वाया जाते.

ओळ उजवीकडून सुरू होते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. खरी अडचण अक्षरांच्या रूपाची आहे. नून सुटा असेल तर खोलगट वाटी आणि एक नुक्ता. तोच शब्दाच्या मधे आला की वाटी जाते, एक बारीक दात उरतो. त्याला शोशा म्हणतात. बे, पे, ते, से आणि ये यांचाही मधे असाच दात होतो. म्हणून तक्त्यातली सुटी अक्षरं समोर ठेवून शब्द जुळवायला गेलं तर जुळत नाही.

‘कुणबी’ हाच शब्द घ्या. उकार सहसा लिहीत नाहीत. उजवीकडे काफ, मग दोन दात, शेवटी ये. पहिल्या दातावर एक नुक्ता असेल तर नून, दुसऱ्याखाली एक असेल तर बे. ते दोन ठिपके उडाले की प्रत्येक दात वरच्या सहा अक्षरांपैकी कोणताही असू शकतो, म्हणजे 36 जोड्या. अशा झेरॉक्सवरून ‘कुणबी’ लिहून द्या, असा आग्रह होतो. आम्ही देत नाही. कागद पुढे कुठे दाखवायचा असेल, तर त्यावर आमचा अंदाज चालणार नाही.

उलटही घडतं. शाईचा डाग झेरॉक्सवर नुक्त्यासारखा दिसतो. मूळ कागदावर बोरूचा नुक्ता चौकोनी, तिरपा दिसतो. डाग तसा नसतो.

दाल, अलिफ, रे, वाव ही अक्षरं पुढच्याला जोडली जात नाहीत. ‘दादाराव’ या नावात सगळी अशीच असल्याने ते सुटं सुटं दिसतं. तेवढ्यावरून अर्धं नाव कापून फोटो पाठवू नका.

काही कारकुनांचं वळण शिकस्ता, म्हणजे घाईचं. त्यात नुक्ते मुळातच गाळलेले असतात. तेव्हा तेच नाव, गाव किंवा सर्व्हे नंबर पानावर आणखी कुठे आहे ते आम्ही शोधतो. त्यासाठी पूर्ण पान लागतं. एवढं करूनही शंका उरली, तर त्या शब्दापुढे प्रश्नचिन्ह घालूनच वाचन देतो.

मूळ कागद आणता आला तर उत्तमच. नाहीतर 300 डीपीआयचा रंगीत स्कॅन पाठवा, चारही कडा आणि मागची बाजू धरून. नुक्ते दिसतात का, ते आम्ही आधी पाहून सांगतो. त्याचे पैसे घेत नाही. दर पानाप्रमाणे आहे, आणि तो वाचन सुरू करण्यापूर्वी कळवतो.