119 च्या आड लपलेला भाचा

गोदावरीला पूर आला की नाशकात पहिला प्रश्न एकच, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं? माझा भाचा चौथीत आहे, गंगापूर धरणातून पाणी सोडल्यावर ते रामकुंडावर कसं चढत जातं हे तो अर्धा तास न थांबता सांगतो, आणि त्याच पोराच्या वहीत 'पूर' हा शब्द एका पानावर तीन तऱ्हांनी लिहिलेला. शाळेचा शेरा: हुशार आहे पण आळशी.

ताईने शेवटी टेस्ट करून घेतली. एकूण बुद्ध्यांक आला 119. सरासरी 100 असते, म्हणजे छानच की, आम्ही पेढे आणायच्या बेतात होतो. पण टेस्ट घेणाऱ्या मॅडमनी आतले आकडे दाखवले: भाषेची समज 132, तर्क 128, आणि बघून भराभर लिहायचा वेग फक्त 86. एवढी दरी असली की एकूण आकड्याला फार अर्थ उरत नाही, कारण त्यात पोराची झेपही झाकली जाते आणि अडचणही.

अर्थात नुसती दरी म्हणजे डिस्लेक्सिया, म्हणजे हुशारी असूनही वाचन-लेखन अडणं, नव्हे हां, बऱ्याच हुशार मुलांचा वेग त्यांच्या तर्कापेक्षा कमीच असतो. म्हणून वाचनाची वेगळी चाचणी. धडा त्याने बऱ्यापैकी वाचला, फक्त 'धोरण'चं 'धरण' केलं, आणि वाक्याला ते शोभलंही! मग मॅडमनी अर्थ नसलेले शब्द दिले, 'टमोफ', 'झिरुदे', असले. तिथे गाडी अडली. अक्षरावरून आवाज जुळवायचा तर संदर्भाची मदत नाही, चित्र नाही, अंदाज चालत नाही. इतकी वर्षं तो वाचत कमी आणि ओळखत जास्त होता. पहिली-दुसरीत धडे छोटे, ऐकून पाठ होतात, त्यामुळे निभावलं, चौथीत परिसर अभ्यासाचे लांब परिच्छेद आले आणि जोडाक्षरांपाशी उघडं पडलं. मार्क तरीही साठ-पासष्ट, त्यामुळे कुणाला शंका नाही. माझ्या मते खरी गोची हीच, नापास होणाऱ्या पोराकडे निदान कुणी बघतं तरी.

राहिला प्रश्न लक्ष न लागण्याचा. वाचायचा त्रास असला की मूल खिडकीबाहेर बघतंच, मग लक्ष टिकवण्याचीच मूळ अडचण, म्हणजे एडीएचडी, आहे की नुसता कंटाळा? मॅडमनी तोच धडा त्याला वाचून दाखवला तर पठ्ठ्या शेवटपर्यंत बसला, वर उलटे प्रश्न. पण एवढ्यावर त्या निर्णय देईनात, आवडीच्या विषयात एडीएचडीवालं मूलही तासन्‌तास रमतं, आणि दोन्ही एकत्रही असू शकतं. म्हणून घरी एक आणि वर्गशिक्षिकेकडे एक अशी प्रश्नावली दिली. ताईने आमची त्याच रात्री भरली. शाळेतली अजून आलेली नाही.