नव्वद सेंटचा हिरा, एक कॅरेटचं रूप

एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम आणि त्याचा शंभरावा भाग म्हणजे सेंट. हिऱ्याचा भाव मात्र वजनाच्या प्रमाणात सरळ चढत नाही. अर्धा, एक, दीड कॅरेट अशा आकड्यांवर तो उडी घेतो, कारण गिऱ्हाइकाला तोच आकडा हवा असतो.

चांगला कापलेला एक कॅरेटचा गोल हिरा सुमारे ६.५ मिलिमीटर रुंद असतो, तर तसाच ९० सेंटचा साधारण ६.३. बोटात घातल्यावर हा फरक कोणाला कळणार? उलट एक कॅरेटचा आकडा गाठायचा म्हणून कारागीर कधीकधी हिरा जास्त खोल ठेवतो. मग वजन खाली पोटात दडतं आणि वरून तो जेमतेम ९० सेंटच्या हिऱ्याएवढाच दिसतो. म्हणून प्रमाणपत्रावर वजनाआधी मिलिमीटर वाचावेत.

ही खोली चमकही खाते. हिऱ्यात शिरलेला प्रकाश खालच्या पैलूंवर, लंबापासून मोजलेल्या सुमारे २४.५ अंशांहून जास्त तिरका पडला, तर पूर्ण परावर्तित होऊन वर येतो. त्याहून कमी तिरका पडला, तर त्यातला बराचसा खालून निसटतो. त्यामुळे गोल हिऱ्याच्या खालच्या पैलूंचा उतार ४१ अंशांच्या आसपास लागतो. तो फार वाढला की मधोमध काळपट डाग दिसतो. दुकानातल्या झगझगीत दिव्यांखाली कोणताही हिरा चमकतो. तो खिडकीपाशी नेऊन बघावा. घडणीत मात्र तडजोड करू नये.

रंगात करावी. डीपासून झेडपर्यंतच्या श्रेणीत पुढे जावं तसा सहसा नायट्रोजनमुळे येणारा पिवळेपणा वाढतो. पण प्रयोगशाळेत हिरा उलटा ठेवून, नमुन्याच्या खड्यांशी ताडून बघतात. अंगठीत तो सुलटा असतो आणि चमक रंग झाकते. पांढऱ्या सोन्यात जी किंवा एच, पिवळ्या सोन्यात जे सुद्धा चालतो.

शुद्धता दहापट भिंगातून ठरते. व्हीव्हीएस, व्हीएस वन, व्हीएस टू, एसआय वन अशा तिच्या पायऱ्या उतरत जातात. व्हीएस टू हिऱ्यातले दोष नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाहीत, त्यामुळे व्हीव्हीएससाठी जादा मोजलेले पैसे फक्त भिंगालाच दिसतात. एसआय वनमध्येही सौदा साधतो, पण दोष कुठे आहे ते पाहून. मधल्या मोठ्या पैलूखालचा काळा कण खुपतो. कडेचा पांढरा ठिपका कोंदणाच्या नखाखाली लपतो. मात्र कडेपर्यंत पोचलेली भेग असेल तर तो हिरा सोडावा, तिथून टवका उडू शकतो.

हे सगळं गोल हिऱ्याचं. पायऱ्यांसारख्या लांब पैलूंच्या चौकोनी एमराल्ड कटमध्ये दोष आणि रंग उघडे पडतात. तिथे व्हीएस वनच्या खाली जाताना हिरा प्रत्यक्ष हातात घेऊन बघावा.