कोल्हापूरचे ८.० परदेशात किती? गुणांच्या रूपांतरामागचा इतिहास

डिसेंबर-जानेवारीत परदेशी अर्जांची धांदल सुरू झाली की कोल्हापुरातल्या इंजिनिअरिंगच्या मुलामुलींचा एकच प्रश्न असतो. मार्कलिस्टवर सीजीपीए ८.० आहे, अर्जात चारपैकी जीपीए मागितलाय किंवा जर्मन ग्रेड काढायची आहे, तर लिहायचं काय? अनेकांना वाटतं, हा साधा गुणाकार-भागाकार असावा. तसं नाही, कारण हा ८.० कुठल्या गुणांतून आला हे त्या आकड्यावरून कळत नाही. हे असं का झालं, ते समजायला थोडं मागं जावं लागतं.

सुरुवातीची गोष्ट छोटी आहे. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथं लंडनच्या धर्तीवर विद्यापीठं निघाली आणि परीक्षेबरोबर ‘क्लास’ आला. राजाराम कॉलेज १८८० चं. तिथले विद्यार्थी आधी मुंबईच्या, मग पुण्याच्या परीक्षा देत, आणि १९६२ मध्ये कोल्हापूरचं स्वतःचं विद्यापीठ आलं. विद्यापीठ बदललं तरी मोजपट्टी तीच राहिली. ४० च्या आसपास पास, साठला फर्स्ट क्लास, सत्तरच्या पुढं डिस्टिंक्शन. लांबलचक उत्तरं आणि बाहेरचे परीक्षक असलेल्या त्या पद्धतीत ७५ मिळवणारा मुलगा सगळ्या कॉलेजला माहीत असायचा. अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांत मात्र नव्वदच्या वर ए, ऐंशीच्या वर बी आणि साठीत डी. म्हणजे आपला फर्स्ट क्लासचा ६५ तिकडच्या माणसाला काठावर पास झाल्यासारखा दिसतो. टक्के नुसते पंचवीसनं भागून जीपीए काढणारा हाच गैरसमज आपल्या हातानं पक्का करतो. ६५ ला २.६ येतो, आणि २.६ म्हणजे तिकडं कच्चा विद्यार्थी.

खरा गुंता गेल्या दहा-बारा वर्षांतला आहे. क्रेडिट आणि सेमिस्टर आल्यावर २०१५ च्या सुमारास देशपातळीवर मार्गदर्शक सूचना निघाल्या. त्यात ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी म्हणजे पास ४ आणि एफ शून्य असं ठरलं. हेतू चांगला होता. एका विद्यापीठातून दुसरीकडं जाणाऱ्याला एकच भाषा मिळावी, असा तो होता. पण कुठल्या अक्षराला किती टक्के, हे ठरवायचं काम विद्यापीठांवर सोडलं गेलं. माझ्या मते आजच्या बहुतेक घोळाचं मूळ या एका निर्णयात आहे. अक्षरं आणि त्यांचे अंक सारखे झाले, आतले गुण मात्र वेगळे राहिले. एका ठिकाणी ७० ते ७९ ला ८ मिळतात, दुसरीकडं ६० ते ६९ लाच ८ मिळतात. मार्कलिस्टच्या पुढच्या बाजूला दोन्हीकडं एकच ‘८.००’ छापलेला असतो.

यातच आणखी एक सूत्र रूढ झालं. तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या एका तक्त्यात ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६०, ७.२५ म्हणजे ६५, असं दिलेलं आहे. त्यावरून सगळे जण सीजीपीएतून ०.७५ वजा करून दहानं गुणू लागले. मुळात तो तक्ता पात्रतेची किमान अट तपासायला होता. उमेदवार फर्स्ट क्लासमध्ये बसतो की नाही एवढंच त्यावरून बघायचं. एखाद्याचे खरे गुण परत काढून देण्याची ताकद त्यात नाही, कारण ग्रेड देताना जे गुण गाळले गेले ते वजाबाकीनं परत येत नाहीत.

एक उदाहरण घेऊ. ६० ते ६९ ला ८ देणाऱ्या तक्त्यात एका मुलीला सारख्या क्रेडिटच्या पाच विषयांत ६१, ६३, ६४, ६६ आणि ६८ गुण मिळाले. सरासरी ६४.४. पाचही विषयांत ८, म्हणून सेमिस्टरचा जीपीए ८.०. बाकीची सेमिस्टरही तशीच गेली असं धरू. जर्मनीत परदेशी गुण बदलायला हे सूत्र वापरतात:

```
x = 1 + 3 * (Nmax - Nd) / (Nmax - Nmin)
```

`Nmax` म्हणजे मिळू शकणारे सर्वाधिक गुण, `Nmin` म्हणजे पास व्हायला लागणारे कमीत कमी, आणि `Nd` म्हणजे आपले. उत्तर १ च्या जितकं जवळ तितकं चांगलं, ४ म्हणजे काठावर पास. आता १०, ४ आणि ८ हे आकडे घातले तर उत्तर २.० येतं. आधी ०.७५ वजा करून ७२.५ टक्के काढले आणि पासाचे ४० धरले तर २.३७५. विषयांचे मूळ गुण घेतले, म्हणजे ६४.४, तर २.७८. मुलगी एकच, पेपर तेच, आणि अनेक अभ्यासक्रमांची अट असते २.५ ची. दोन हिशोबांत ती आत, तिसऱ्यात बाहेर.

अशा वेळी ‘जे चांगलं दिसेल ते लिही’ असा सल्ला सर्रास मिळतो. मला तो घातक वाटतो. प्रवेश समितीकडं तिचं ट्रान्स्क्रिप्ट असतं आणि अनेक ठिकाणी ते स्वतःच सूत्र लावून बघतात. अर्जातला आकडा आणि त्यांचा आकडा जुळला नाही, तर शंका अर्जदाराच्या प्रामाणिकपणावर जाते. चूक ओळखायची खूणही सोपी आहे. काही जण `Nmin` च्या जागी शून्य घालतात, मग ८.० ला १.६ येतो. पासाची रेषा शून्यावर कुठंच नसते, त्यामुळं असा आकडा दिसला की हिशोब चुकलाय हे वाचणाऱ्याला लगेच कळतं.

अमेरिकन अर्जांत तर बऱ्याचदा स्पष्टच लिहिलेलं असतं, की ट्रान्स्क्रिप्टवर आहे तोच आकडा आणि त्याची मोजपट्टी द्या, स्वतः बदलू नका. तिथं ८.० आणि दहापैकी, एवढंच भरायचं. अडीचनं भागून काढलेला ३.२ घालायचा नाही. गुणांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्था आपल्या पद्धतीनं हिशोब करतात आणि फर्स्ट क्लासच्या गुणांना बहुतेक वेळा वरची श्रेणी देतात. कित्येकदा आपण घाबरून काढलेल्या आकड्यापेक्षा त्यांचा आकडा चांगला निघतो.

म्हणून खरं महत्त्व आहे ते मार्कलिस्टच्या मागच्या बाजूला. ग्रेडचा तक्ता तिथं छापलेला असतो आणि स्कॅन करताना मुलं नेमकी तीच बाजू विसरतात. मागची बाजू नसली की ८.० चा अर्थ वाचणाऱ्याच्या अंदाजावर राहतो. तक्ता छापलेला नसेल, तर परीक्षा विभागाकडं अर्ज करून त्याचं पत्र घ्यावं. टक्क्यांचं रूपांतर विद्यापीठानं स्वतः दिलेलं असेल तर तेच वापरावं, दुसऱ्या विद्यापीठाचं सूत्र उसनं आणू नये. सोबत कॉलेजकडून चार ओळी लिहून घ्याव्यात: मोजपट्टी दहाची, पासाला चार, आठ म्हणजे इथं साठ ते एकोणसत्तर गुण, आणि त्या वर्षी वर्गातल्या किती जणांचा सीजीपीए आठच्या वर गेला. शेवटची ओळ कॉलेज सहजासहजी देत नाही, मागावी लागते. पण वाचणाऱ्याला सगळ्यात जास्त सांगते ती हीच ओळ, कारण साठ जणांच्या वर्गात सहाच जण आठच्या वर असतील, तर ६४.४ म्हणजे काय हे त्याला वेगळं समजावावं लागत नाही.