घटस्फोटानंतर माहेरचं नाव: डिक्रीत जे लिहिलेलं नसतं

फॅमिली कोर्टाच्या कामात इतकी वर्षं टायपिंग करतेय, तर एक प्रश्न जवळजवळ प्रत्येक डिक्रीनंतर येतो: "आता माझं नाव आपोआप आधीचं झालं ना?" नाही झालं. आपल्याकडची घटस्फोटाची डिक्री लग्न संपवते, नावाबद्दल ती बहुतेक वेळा एक अक्षर बोलत नाही. आणि बोलत का नाही हे समजायला थोडं मागे जावं लागतं, कारण लग्नात नाव बदलतं तेही कुठल्या कायद्याने बदलत नाही.

ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यावर नवं नाव लिहायचं, पेढे वाटायचे, झालं नामकरण. हिंदू विवाह कायदा १९५५ चा, त्यात बायकोने नवऱ्याचं नाव लावावं असं कुठेही नाही. त्याआधी १९४७ मध्ये मुंबई प्रांताने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला, पुढे १९७६ च्या दुरुस्तीने परस्पर संमतीचा घटस्फोट आला, या सगळ्या प्रवासात नाव हा विषय कुणाला कायद्यात घालावासा वाटला नाही. काडीमोड झाली की बाई माहेरी आली आणि गाव तिला परत आधीच्या नावाने हाक मारायला लागलं, एवढं तेव्हा पुरत होतं कारण कागदच कमी होते. फार तर रेशन कार्डावरून एका घरातून नाव कमी करायचं आणि दुसऱ्या घरात चढवायचं.

आपल्याकडे गुंता जास्त व्हायचं कारण नाव तीन तुकड्यांचं असतं आणि लग्नात तिन्ही बदलू शकतात. समजा सुनंदा गणपत शिंदे नावाची मुलगी लग्नात मधुरा संजय जाधव झाली (नावं मी बनवलेली आहेत, प्रकार रोजचा आहे). आता पहिलं नाव वेगळं, मधलं वेगळं, आडनाव वेगळं, म्हणजे कागदावर ही दोन वेगळी माणसं आहेत. फक्त आडनाव बदलतं अशा ठिकाणी कारकून निदान ओळखतो तरी, इथे ओळखायला काहीच शिल्लक राहत नाही.

आता ज्या निकालावरून सगळ्यात जास्त गैरसमज आहेत तो. २०१० साली एका प्रकरणात घटस्फोटानंतर माजी नवऱ्याने फॅमिली कोर्टात अर्ज केला की हिने माझं नाव आणि आडनाव वापरू नये, कोर्टाने तसा मनाई हुकूम दिला, बाई वरच्या कोर्टात गेली आणि मुंबईच्या हायकोर्टाने तो हुकूम कायम ठेवला. पेपरात बातमी आली की घटस्फोटित बाईला नवऱ्याचं नाव वापरता येणार नाही, आणि तेव्हापासून लोक धरून बसलेत की नाव सोडणं सक्तीचं आहे. तसं नाहीये. तो हुकूम त्या दोन माणसांमधला होता, नवऱ्याने मागितला म्हणून मिळाला. ज्या बाईच्या विरुद्ध असा हुकूम नाही आणि जिने संमतीच्या अटींमध्ये तसं लिहून दिलेलं नाही, तिच्यावर डिक्रीच्या दुसऱ्या दिवशी नाव बदलायची जबरदस्ती कुठलाही कायदा करत नाही. कितीतरी जणी मुलांच्या शाळेसाठी किंवा धंद्यासाठी तेच नाव ठेवतात. पण मला त्या बातमीत आणखी एक गोष्ट खटकते, नाव वापरू नको म्हणणारा आदेश निघाला, मग तिच्या बँक खात्यावर, पॅनवर, घराच्या दस्तावर जे नाव आहे ते कुणी आणि कसं बदलून द्यायचं याची सोय कुणी लावली? कुणीच नाही. ती धावपळ तिच्यावरच आली. त्याच सुमारास फॅमिली कोर्टाच्या नियमांत मात्र एक चांगली दुरुस्ती झाली, की बायकोला नवऱ्याच्याच नावाने अर्ज दाखल करायची सक्ती करता येणार नाही, ती माहेरच्या नावानेही करू शकते. ही दुरुस्ती फार कमी लोकांना माहीत आहे आणि खरा उपयोग हिचाच आहे.

का ते सांगते. डिक्रीच्या वरती पक्षकारांची नावं असतात. तिथे नुसतं मधुरा संजय जाधव असेल तर त्या डिक्रीवरून सुनंदा शिंदे कोण हे कुणालाच कळणार नाही. मग मॅरेज सर्टिफिकेट जोडावं लागतं, कारण त्यात वधूचं लग्नाआधीचं नाव असतं. पण त्यात लग्नानंतरचं नाव नसतं, हे लोक विसरतात. म्हणजे सर्टिफिकेटवर सुनंदा शिंदे आणि संजय जाधव, डिक्रीवर मधुरा जाधव आणि संजय जाधव, दोन्ही एकत्र ठेवले तरी सुनंदा हीच मधुरा हे कुठेच लिहिलेलं नाही. पहिलं नाव बदललेलं नसतं तर ओळख जुळली असती. म्हणून अर्ज टाइप करतानाच "मधुरा संजय जाधव, पूर्वाश्रमीची सुनंदा गणपत शिंदे" असं शीर्षकात घालायचं आणि संमतीचा घटस्फोट असेल तर अटींमध्ये एक ओळ टाकायची की ती यापुढे अमुक नावाने ओळखली जाईल. ती एक ओळ नसल्यामुळे नंतर वर्षभर खेटे मारलेल्या बायका मी पाहिल्यात, अक्षरशः फाईल छातीशी धरून बसलेल्या, आणि टाइप करणाऱ्याने विचारलंच नव्हतं एवढंच कारण.

ती ओळ नसली की राहतं राजपत्र, म्हणजे गॅझेट. पूर्वी गॅझेटात नाव छापायचं म्हणजे फॉर्म घेऊन प्रत्यक्ष जायचं, आता महाराष्ट्रात अर्ज ऑनलाइन होतो, जुनं नाव, नवं नाव, कारण, ओळखीचे पुरावे, फोटो, आणि मग आठवड्याच्या अंकात एक छोटी नोंद येते. गॅझेट तुमचं नाव तपासून मंजूर करत नाही, तुम्ही जे जाहीर केलं ते छापतं, पण सगळी ऑफिसं तेच मागतात. यामागे बँकांच्या केवायसी नियमाचाही हात आहे. तिथे लिहिलंय की ओळखपत्रानंतर नाव बदललं असेल तर मॅरेज सर्टिफिकेट किंवा गॅझेट जोडलं की ते ओळखपत्र चालेल. लग्नाने नाव बदललं तर त्याचा कागद नियमात आहे, घटस्फोटाने बदललं तर डिक्रीचा उल्लेखच नाही. त्यामुळे काउंटरवरचा माणूस डिक्री बघतो, बाजूला ठेवतो आणि गॅझेट आणा म्हणतो. तो उद्धट असतोच असं नाही, त्याच्या यादीत तो कागद नाही.

केंद्राच्या राजपत्राचं वेगळं आहे. २०२३ च्या सूचनेत तिथे अट आली की बाईला माहेरचं आडनाव परत घ्यायचं तर घटस्फोटाची डिक्री किंवा नवऱ्याची ना हरकत द्या. जिची केस अजून चालू आहे तिने काय करायचं, ज्याच्याशी भांडण चालू आहे त्याच्याकडेच सही मागायची? २०२४ मध्ये दिल्लीतल्या एका बाईने याला दिल्ली हायकोर्टात आव्हान दिलं तेव्हा कोर्टाने सरकारला नोटीस काढली. नाव लावताना कुणी नवऱ्याची संमती मागितली नव्हती, काढताना मागणं मला तरी पटत नाही.

आता सुनंदाचं पुढे काय. तिला पहिलं नाव कुठलं हवं हे आधी ठरवावं लागतं, कारण पंधरा वर्षं ऑफिसात सगळे मधुरा म्हणतात. पूर्ण मूळ नावावर गेली तर दहावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला सगळे आपोआप जुळतात, कारण ते कधी बदललेच नव्हते. पण मधुरा गणपत शिंदे हवं असेल तर ते परत घेतलेलं नाव नाही, ते तिसरंच नवं नाव आहे, कुठल्याच जुन्या कागदावर ते नाही, मग गॅझेटशिवाय एक पाऊल पुढे जात नाही. हा फरक तिला आधीच समजावून सांगायला हवा, नंतर कळलं की उशीर झालेला असतो.

उशीर का, तर आधारमुळे. आधारवर नाव सर्वसाधारणपणे आयुष्यात दोनदाच बदलता येतं. सुनंदाने एकदा लग्नात बदललं, आता दुसरी आणि शेवटची वेळ. Shinde चं Shinday झालं की परत सुधारायला वरच्या ऑफिसकडे खास विनंती करत बसायचं. म्हणून गॅझेटात इंग्रजी स्पेलिंग छापून घ्या, आणि ते मार्कशीटवरच्या स्पेलिंगशी अक्षर न अक्षर जुळवून घ्या, अर्ज पाठवायच्या आधी.

आधार झालं की पॅन. आणि इथे एक गोष्ट आहे जी मला नेहमी बरी वाटते, पॅनवर बाईच्या नवऱ्याचं नाव कधीच नसतं, लग्न झालेलं असो नसो, वडिलांचंच असतं (किंवा आता आईचं). म्हणजे सुनंदाच्या पॅनवर गणपत शिंदे आधीपासून आहेत, फक्त तिचं स्वतःचं नाव दुरुस्त करायचं, नंबर तोच राहतो. आधार आणि पॅनमध्ये नाव वेगळं राहिलं तर जोडणीत अडतं, म्हणून दोन्ही लागोपाठ करावेत. मग बँक, मग पीएफ, तिथेही आधारशी नाव जुळलं पाहिजे आणि काही वेळा कंपनीची मंजुरी लागते, नोकरी सोडण्याआधी करून घ्या. मतदार यादीसाठी फॉर्म ८.

पासपोर्टबद्दल दोन गोष्टी मिसळल्या जातात. २०१६ च्या शेवटी नियम सैल झाले, घटस्फोटितेला अर्जात नवऱ्याचं नाव द्यायची किंवा डिक्री जोडायची गरज राहिली नाही. ते पासपोर्ट मिळण्यापुरतं. आधीच्या पासपोर्टवर मधुरा जाधव असेल आणि आता सुनंदा शिंदे हवं असेल तर पुरावा लागतोच, आणि ती दुरुस्ती नसते, नवं पुस्तक काढावं लागतं.

मुलांच्या जन्मदाखल्यावरचं आईचं नाव, मॅरेज सर्टिफिकेट, घराचा जुना दस्त, हे बदलायला जाऊ नका. ते त्या दिवसाचं खरं सांगतात. घर विकताना दस्तात "सुनंदा गणपत शिंदे, पूर्वीचे नाव मधुरा संजय जाधव" असं येतं आणि गॅझेटची प्रत जोडली जाते. सातबारावर नाव असेल तर तलाठ्याकडे फेरफाराचा अर्ज वेगळा. मालमत्तेच्या दस्तात लग्नाआधीच्या नावाने नोंद करायची मुभा राज्याने मार्च २०२४ च्या निर्णयात दिली, तोच निर्णय ज्यात मुलांच्या नावात आईचं नाव आलं. पण त्याच निर्णयात विवाहितेचं नाव नेहमीच्या पद्धतीने म्हणजे तिचं, नवऱ्याचं, आडनाव असंच चालू ठेवा असंही आहे, आणि घटस्फोटितेबद्दल त्यात वेगळं काही म्हटलेलं नाही. त्यामुळे सुनंदाच्या फाईलमध्ये सगळ्यात वर अजूनही गॅझेटच्या त्या पानाची झेरॉक्स असते, तिच्या नोंदीवर पिवळा मार्कर मारलेली, आणि मुलाच्या पासपोर्टच्या वेळी आईच्या नावावरून अडलं तेव्हाही तिने तेच पान पुढे केलं.